शंभर टक्के गुण आणि चुकलेल्या नऊ गाठी

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला विल्यम वोलबर्ग हे शल्यचिकित्सक स्तनातल्या गाठींमधून बारीक सुईने पेशी काढून तपासत होते. आपल्याकडे पॅथॉलॉजी लॅबमध्ये याच तपासणीला एफएनएसी म्हणतात. निक स्ट्रीट आणि गणितज्ञ ओल्वी मँगासेरियन यांना सोबत घेऊन त्यांनी सूक्ष्मदर्शकाखालच्या पेशींची चित्रं संगणकावर आणली आणि पेशींच्या केंद्रकांची मोजमापं काढली: त्रिज्या, परीघ, क्षेत्रफळ, कडेचा खडबडीतपणा असे एकूण १० गुण. प्रत्येक गुणाचे तीन आकडे घेतले. एक सरासरी, एक त्या सरासरीची प्रमाण त्रुटी आणि तिसरा त्या चित्रातल्या सर्वांत मोठ्या तीन मूल्यांची सरासरी. म्हणजे एका गाठीमागे ३० आकडे झाले. एकूण नोंदी ५६९. त्यांपैकी २१२ गाठी कर्करोगाच्या, ३५७ साध्या.

मशीन लर्निंगच्या पहिल्या सत्रात ही फाईल बहुतेक विद्यार्थ्यांच्या हाती येते, कारण `scikit-learn` या पायथन लायब्ररीसोबतच ती मिळते. परीक्षेतले नेहमीचे प्रश्न हिच्यावर बेतता येतात. डेटाचे दोन भाग का करायचे? ओव्हरफिटिंग झालं हे कशावरून ओळखायचं? कन्फ्यूजन मॅट्रिक्स कशी वाचायची? हे तीन धडे पुस्तकात वेगवेगळे असतात, पण मला ते एकाच प्रश्नाचे भाग वाटतात. कोणी ‘माझं मॉडेल इतके टक्के अचूक आहे’ असं म्हटलं, तर त्या आकड्यावर किती विसंबायचं, हा तो प्रश्न.

सुरुवात विभागणीपासून. ज्या गाठी दाखवून मॉडेलला शिकवलं, त्यांच्यावरच त्याची परीक्षा घेतली तर त्यातून फारसं काही कळत नाही. म्हणून काही गाठी आधीच बाजूला काढायच्या आणि शिकवून होईपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. यालाच ट्रेन-टेस्ट स्प्लिट म्हणतात.

```python
from sklearn.datasets import load_breast_cancer
from sklearn.model_selection import train_test_split

X, y = load_breast_cancer(return_X_y=True)
X_train, X_test, y_train, y_test = train_test_split(
    X, y, stratify=y, random_state=42)
```

वेगळं काही सांगितलं नाही तर हे फंक्शन एक चतुर्थांश नोंदी चाचणीसाठी ठेवतं. इथे ४२६ गाठी शिकवण्यासाठी आणि १४३ चाचणीसाठी येतात. `stratify=y` लिहिल्यामुळे कर्करोगाच्या गाठींचं प्रमाण दोन्हीकडे सारखं राहतं: शिकवण्याच्या भागात १५९, चाचणीच्या भागात ५३. ते लिहिलं नाही, तर नुसत्या योगायोगाने चाचणीत कर्करोगाच्या गाठी कमी येऊ शकतात आणि मॉडेलची खरी कसोटी लागतच नाही. `random_state` ठरवला की तीच विभागणी पुन्हा करता येते, एवढाच त्याचा उपयोग. वेगवेगळे आकडे घालून बघणं आणि ज्याने गुण जास्त मिळाले तो ठेवणं ही मी सरळ फसवणूक मानतो.

आता डिसिजन ट्री या पद्धतीने शिकवून पाहू. हे मॉडेल एकामागून एक हो-नाहीचे प्रश्न विचारत जातं. पहिला प्रश्न ते स्वतःच शोधतं: सर्वांत मोठ्या केंद्रकांची त्रिज्या १६.७९५ किंवा त्याहून कमी आहे का? या एका प्रश्नाने ४२६ गाठींचे दोन गट पडतात. ज्यांची त्रिज्या जास्त, त्या गटात १३४ गाठी कर्करोगाच्या आणि फक्त ८ साध्या. ज्यांची कमी, त्या गटात २५९ साध्या आणि २५ कर्करोगाच्या. इथेच थांबलं तरी ४२६पैकी ३९३ गाठींचं उत्तर बरोबर येतं, म्हणजे ९२ टक्के. कर्करोगाच्या पेशींची केंद्रकं मोठी असतात हे पॅथॉलॉजिस्टना आधीपासून माहीत आहे, तेच मॉडेलने आकड्यांतून हुडकून काढलं.

उरल्या ३३ गाठी. अडवलं नाही तर ट्री या ३३ गाठींच्याही मागे लागतं. गट फोडायचा, त्याचा पुन्हा गट फोडायचा, असं करत शेवटी एकेका दोन-दोन गाठींसाठी स्वतंत्र प्रश्न तयार होतात. अमुक गाठीचा खडबडीतपणा तमुक आकड्याच्या किंचित वर आहे, म्हणून ती साधी. त्या गाठीपुरतं हे खरं असतं, पण त्यामागे रोगाचा काही नियम असेलच असं नाही. मोजणीतला फरक, चित्रात नेमक्या कोणत्या पेशी आल्या यातला योगायोग, हेही ट्री नियम म्हणून नोंदवून ठेवतं. शेवटी शिकवलेल्या ४२६च्या ४२६ गाठी बरोबर येतात. गुण १०० टक्के.

मग बाजूला ठेवलेल्या १४३ गाठी समोर आणायच्या. त्यांतल्या १३४ बरोबर येतात, ९ चुकतात. गुण ९३.७ टक्के. १०० आणि ९३.७ यांच्यातली ही तफावत म्हणजे ओव्हरफिटिंगची खूण. शिकवलेल्या डेटावर १०० टक्के मिळाले की अनेकांना काम फत्ते झाल्यासारखं वाटतं, पण त्या आकड्याचा अर्थ एवढाच की ट्रीने शेवटच्या गाठीपर्यंत सगळं पाठ केलं. नियमांनी किती शिकवलं आणि पाठांतराने किती, हे त्यातून वेगळं काढता येत नाही.

ट्रीला चार पातळ्यांवर थांबवलं, म्हणजे `max_depth=4` दिलं, तर शिकवलेल्या डेटावर ५ गाठी चुकतात आणि गुण ९८.८ टक्क्यांवर येतात. चाचणीत मात्र १३६ गाठी बरोबर येतात, म्हणजे ९५.१ टक्के. पाठांतर कमी झालं आणि नव्या गाठींवरचा अंदाज सुधारला. पुस्तकातलं उदाहरण सहसा इथे संपतं. मला इथे थोडं थांबावंसं वाटतं. ९३.७ आणि ९५.१ यांच्यातला फरक म्हणजे फक्त दोन गाठी. चाचणी १४३ गाठींची असेल, तर ९३.७ हा आकडा निव्वळ योगायोगाने चारेक टक्के वरखाली होऊ शकतो. तेव्हा चार पातळ्यांचं ट्री अधिक चांगलं असण्याची शक्यता आहे, पण एवढ्यावरून ते सिद्ध झालं असं म्हणता येत नाही.

शिवाय चार हा आकडा आला कुठून? दोन, तीन, चार, पाच असं करून पाहिलं आणि चाचणीत सर्वांत जास्त गुण देणारा ठेवला, असं असेल तर चाचणीच्या गाठी आता कोऱ्या राहिल्या नाहीत. मॉडेलने त्या पाहिल्या नसल्या तरी मॉडेल निवडणाऱ्या माणसाने पाहिल्या. यासाठी क्रॉस-व्हॅलिडेशन वापरायचं. शिकवण्याच्या ४२६ गाठींचेच साधारण ८५ गाठींचे पाच भाग पाडायचे, चार भागांवर शिकवून पाचव्यावर तपासायचं आणि आळीपाळीने प्रत्येक भागाला ती पाळी द्यायची. पाचही गुणांची सरासरी पाहून खोली ठरवायची. मग सगळ्या ४२६ गाठींवर मॉडेल पुन्हा शिकवायचं आणि १४३ गाठींची चाचणी एकदाच घ्यायची.

आता त्या चुकलेल्या ९ गाठींकडे वळू. नेमकं काय चुकलं, हे ९३.७ टक्के या आकड्यातून कळत नाही. साधी गाठ कर्करोगाची ठरवली, तर त्या बाईला काही दिवस जीवघेणी चिंता आणि पुढची बायोप्सी. कर्करोगाची गाठ साधी ठरवली, तर ती निर्धास्त घरी जाते आणि आजार वाढत राहतो. दोन्ही चुका टक्केवारीत सारख्याच मोजल्या जातात. कन्फ्यूजन मॅट्रिक्स त्या वेगळ्या करून दाखवते. प्रत्यक्षात दोन्ही चुकांची सरमिसळ असते, पण समजण्यासाठी एक टोक धरू: नऊच्या नऊ गाठी कर्करोगाच्या होत्या आणि मॉडेलने त्या साध्या ठरवल्या. मग `confusion_matrix(y_test, y_pred)` असं छापेल:

```
[[44  9]
 [ 0 90]]
```

ओळीत खरी स्थिती, स्तंभात मॉडेलचं उत्तर. पहिली ओळ कर्करोगाच्या ५३ गाठींची: ४४ सापडल्या, ९ हातच्या गेल्या. दुसरी ओळ साध्या ९० गाठींची, सगळ्या बरोबर. खऱ्या कर्करोगांपैकी किती सापडले, या प्रमाणाला रिकॉल म्हणतात. इथे तो ५३पैकी ४४, म्हणजे ८३ टक्के. आता दुसरं टोक धरा. ५३ही कर्करोग सापडले आणि ९ साध्या गाठींवर उगाच शंका घेतली. अचूकता तीच, ९३.७ टक्के. रिकॉल मात्र १०० टक्के आणि प्रिसिजन, म्हणजे कर्करोग म्हटलेल्यांपैकी खरोखर कर्करोग असलेल्यांचं प्रमाण, ६२पैकी ५३, म्हणजे साधारण ८५ टक्के. तपासणीच्या पहिल्या पायरीवर मी बिनदिक्कत दुसरं मॉडेल घेईन. आणि डोळे मिटून सगळ्याच गाठींना साध्या म्हणणारं मॉडेलही या चाचणीत १४३पैकी ९० गुण, म्हणजे ६३ टक्के मिळवतं, हेही ध्यानात असू द्यावं.

या फाईलमध्ये एक सापळा आहे. तो माहीत नसेल तर वरचं सगळं गणित उलटं होतं. इथे कर्करोगाची खूण ० आहे आणि साध्या गाठीची १. लायब्ररी मात्र न सांगता १ लाच ‘पॉझिटिव्ह’ धरते. त्यामुळे ९ कर्करोग निसटलेल्या त्या पहिल्या मॉडेलवर नुसतं `recall_score(y_test, y_pred)` लिहिलं, तर पडद्यावर 1.0 येतं, कारण मोजणी साध्या गाठींची झालेली असते. `pos_label=0` असं लिहिलं की 0.83 दिसतं. रिकॉल संशयास्पद इतका चांगला आला, तर आधी मॅट्रिक्स छापावी आणि प्रत्येक ओळीची बेरीज करून पाहावी. ५३ची ओळ कोणती आणि ९०ची कोणती हे कळलं की उलटापालट लगेच लक्षात येते.

विभागणीतही असाच एक धोका असतो. विस्कॉन्सिनच्या फाईलमध्ये एक ओळ म्हणजे एक गाठ, त्यामुळे इथे तो फारसा जाणवत नाही. छातीच्या एक्स-रेंच्या ‘चेस्टएक्सरे१४’ या मोठ्या संग्रहात मात्र १,१२,१२० चित्रं आहेत आणि रुग्ण ३०,८०५. म्हणजे एकेका रुग्णाची अनेक चित्रं. चित्रं सरसकट पिसून वाटली, तर एकाच माणसाचा एक एक्स-रे शिकवणीत आणि दुसरा चाचणीत जातो. मग मॉडेलला आजाराऐवजी माणूस ओळखूनही गुण मिळवता येतात. २०१७ साली स्टॅनफर्डच्या ‘चेक्सनेट’ या शोधनिबंधाच्या पहिल्या मसुद्यात विभागणी चित्रांप्रमाणे होती. त्यावर आक्षेप आल्यावर लेखकांनी ती रुग्णांप्रमाणे करून निबंध सुधारला. अशा डेटासाठी लायब्ररीत `GroupShuffleSplit` आहे. त्याला रुग्ण क्रमांकांची यादी दिली की एका रुग्णाच्या सगळ्या नोंदी एकाच बाजूला राहतात. पण त्यासाठी रुग्ण क्रमांकाचा स्तंभ डेटात असावा लागतो आणि फाईल साफ करताना बरेचदा तोच पहिल्यांदा काढून टाकला जातो.