तुरटीचा ताळा

दाढी झाल्यावर न्हावी गालावर जो ओला, पांढरा खडा फिरवतो, त्या तुरटीचं रासायनिक सूत्र KAl(SO₄)₂·12H₂O असं आहे. हे पाठ करताना कंसाबाहेरचा दोन हमखास निसटतो आणि वहीत KAlSO₄ उतरतं. यातलं कोणतं बरोबर, हे पुस्तक न उघडताही कळतं. त्यासाठी फक्त घटक आयनांचे प्रभार माहीत असावे लागतात.

तुरटीत तीन प्रकारचे आयन असतात. पोटॅशियमने एक इलेक्ट्रॉन गमावलेला असतो, म्हणून त्याच्यावर +१ प्रभार. ॲल्युमिनियमने तीन गमावलेले, म्हणून +३. सल्फेट हा गंधकाचा एक आणि ऑक्सिजनचे चार अणू एकत्र बांधलेला गट आहे. तो अख्खा गट मिळून −२ प्रभार बाळगतो, त्यामुळे त्याला फोडून मोजायचं नाही. आता बेरीज करू. एक पोटॅशियम आणि एक ॲल्युमिनियम मिळून +४; दोन सल्फेट मिळून −४. एकूण शून्य. KAlSO₄ मध्ये मात्र +४ आणि −२, म्हणजे +२ शिल्लक राहतो.

राहिला तर बिघडलं कुठे? KAlSO₄ हे सूत्र खरं धरलं, तर अशा सुमारे १६२ ग्रॅम पदार्थावर जवळपास १ लाख ९३ हजार कूलोम इतका धनप्रभार साचलेला असेल. आकाशातून वीज पडते तेव्हा जमिनीवर येणारा प्रभार साधारण वीसेक कूलोम असतो. त्याच्या हजारो पट प्रभार मूठभर खड्यात मावणार नाही. सारखे प्रभार एकमेकांना इतक्या जोराने ढकलतील की खडा तयारच होणार नाही. बेरीज शून्य यायला हवी हा नियम परीक्षकांनी नाही, या ढकलाढकलीने घालून दिलेला आहे.

जुन्या पुस्तकांत तुरटीचं सूत्र K₂SO₄·Al₂(SO₄)₃·24H₂O असं दिसतं आणि मुलं गोंधळतात. दोन पोटॅशियमचे +२ आणि दोन ॲल्युमिनियमचे +६ मिळून +८. एकूण चार सल्फेटचे −८. इथेही शून्यच. हे पहिल्याच सूत्राचं दुप्पट रूप आहे. पाणी शुद्धीकरण केंद्रात वापरतात ती तुरटी बहुधा निराळी, नुसतं ॲल्युमिनियम सल्फेट असते, Al₂(SO₄)₃. तिथे दोन त्रिक सहा आणि तीन दुणे सहा, झाला हिशेब.

या दोन पदार्थांत एक महत्त्वाचा फरक आहे. ॲल्युमिनियम सल्फेटमध्ये धन आयन एकाच प्रकारचा आणि ऋण आयनही एकाच प्रकारचा, त्यामुळे त्यांचं प्रमाण २:३ सोडून दुसरं काही असूच शकत नाही. प्रभारांनीच ते ठरवून टाकलं. तुरटीत मात्र धन आयन दोन प्रकारचे आहेत. कुणी K₃Al(SO₄)₃ असं लिहिलं तर? तीन आणि तीन सहा, तीन दुणे सहा. बेरीज शून्य, पण ही तुरटी नव्हे. पोटॅशियमच्या जागी +१ प्रभाराचा अमोनियम बसवला, तरी बेरीज हलत नाही, आणि अमोनियमची तुरटी खरोखर बाजारात असते. तिची भुकटी भरपूर चुन्यात ओली करून कालवली, तर अमोनियाचा उग्र दर्प येतो. पोटॅशियमच्या तुरटीला येत नाही. म्हणजे हा ताळा चुकीचं सूत्र पकडतो, पण जमला म्हणून सूत्र बरोबरच आहे, असं सांगत नाही.

पाण्याच्या बाबतीत तर तो पूर्ण आंधळा आहे. पाण्याच्या रेणूवर निव्वळ प्रभार नसतो, त्यामुळे सूत्रात बारा लिहा, अकरा लिहा किंवा काहीच लिहू नका, बेरजेला फरक पडत नाही. तिथे तराजूच लागतो. तुरटी तापवली की आधी वितळते, मग फसफसून फुगते आणि तिच्यातलं पाणी उडून जातं. बारा रेणू असतील तर १०० ग्रॅम तुरटीचं वजन सुमारे ४५.६ ग्रॅमने घटायला हवं. अकरा असते तर सुमारे ४३.४ ग्रॅमनेच घटलं असतं. प्रयोगशाळेत तापवणं, गार करणं आणि वजन करणं हा क्रम वजन स्थिर होईपर्यंत चालवतात. घट कमी भरली तर बहुधा पाणी अजून आत अडकलेलं असतं. ४५.६ च्या बरीच पुढे गेली, तर आच जास्त झाली आणि सल्फेटच फुटायला लागलं असण्याची शक्यता असते. तो नमुना टाकून नवा घ्यावा लागतो.