तुटलेल्या पातळीवर भाव परत येतो तेव्हा

चार राज्यांच्या विधानसभा निवडणुकांचे निकाल 8 डिसेंबर 2013 रोजी, रविवारी लागले आणि सोमवारी सकाळी निफ्टी 6,415 पर्यंत उसळला. जानेवारी 2008 मधला 6,357 चा उच्चांक जवळजवळ सहा वर्षं कुणाला दाद देत नव्हता. 2010 च्या दिवाळीतही निर्देशांक त्याच्या तोंडाशी येऊन माघारी फिरला होता. त्यामुळे त्या सोमवारी ब्रेकआऊट झाल्याचा समज होणं साहजिक होतं. पण दिवसअखेर निफ्टी 6,364 वर बंद झाला, म्हणजे जुन्या उच्चांकाच्या जेमतेम सात अंश वर. आठवडा संपेपर्यंत तो 6,200 च्याही खाली होता. सकाळच्या उत्साहात खरेदी केलेल्यांना फेब्रुवारीत 6,000 च्या आसपासचा निफ्टी पाहावा लागला.

मार्च 2014 मध्ये हीच पातळी पुन्हा तुटली, पण या वेळचा प्रकार वेगळा होता. 7 मार्चला निफ्टी 6,500 च्या वर बंद झाला, म्हणजे डिसेंबरचा 6,415 सुद्धा बराच मागे पडला. पुढच्या आठवड्यात विक्री आली, भाव खाली सरकला, पण 6,400 च्या वरच थांबला आणि तिथून पुन्हा चढू लागला. 16 मे रोजी, लोकसभेच्या मतमोजणीच्या दिवशी, व्यवहार सुरू असताना त्याने 7,500 ओलांडले.

मार्चमधली ती छोटी घसरण म्हणजे रिटेस्ट. ज्या भावाला वारंवार विक्री येते तो रेझिस्टन्स. तो तुटल्यावर भाव परत त्याच पातळीपर्यंत येतो आणि टिकला तर पूर्वीचा अडथळा आधार बनतो. यामागे माणसांचे हिशेब असतात. पूर्वी वरच्या भावात अडकलेले लोक ‘मुद्दल सुटलं’ म्हणून तिथेच विकत होते, ते आता बाहेर पडलेले असतात. ज्यांची खरेदी हुकली ते ‘परत त्या भावाला मिळाला तर घेऊ’ म्हणून वाट पाहतात. ज्यांनी मंदीचा सौदा केला होता त्यांनाही कमी तोट्यात तो कापायचा असतो. या तिघांपैकी दोघांची खरेदी एकाच भावाजवळ येते.

एक काल्पनिक शेअर घेऊ. 500 रुपयांना तो तीनदा अडकला, मग मोठ्या व्हॉल्यूमने 530 वर बंद झाला. पुढच्या काही दिवसांत तो रोज थोडा थोडा उतरत 503 ला आला. इथे पहिली गोष्ट बघायची ती व्हॉल्यूम. घसरताना उलाढाल आटत असेल तर विकणाऱ्यांना घाई नाही असं समजायला जागा असते. घसरतानाच ती फुगत असेल तर कुणीतरी मोठा माल काढतो आहे. दुसरी गोष्ट बंद भाव. दिवसभरात शेअर 497 ला जाऊन आला आणि 506 ला बंद झाला, तर पातळी टिकली असं मी धरतो. 500 हा आकडा रेघ मारल्यासारखा काटेकोर नसतो, तो पाच-सहा रुपयांचा पट्टा असतो. नवखे बहुतेक वेळा इथेच फसतात: भाव 500 ला टेकताच घेतात. टेकणं आणि टिकणं यांत किमान एका दिवसाच्या बंद भावाचं अंतर असतं.

समजा, दुसऱ्या दिवशी भाव 508 झाला आणि आपण घेतला. स्टॉप लॉस पट्ट्याच्या खाली, 492 ला. जोखीम शेअरमागे 16 रुपये. एका सौद्यात 2,000 रुपयेच घालवायची तयारी असेल तर 125 शेअर घेता येतात. हाच शेअर उत्साहात 530 ला घेतला असता तर त्याच स्टॉप लॉसने जोखीम 38 रुपये झाली असती आणि 52 शेअर परवडले असते. शेअर 570 ला गेला तर पहिल्याला 7,750 रुपये मिळतात, दुसऱ्याला 2,080. रिटेस्टचा खरा फायदा भाकितात नाही, या वजाबाकीत आहे.

याची किंमतही मोजावी लागते. सगळ्यात जोरदार शेअर बऱ्याचदा परत येतच नाहीत. 530 वरून ते सरळ 600 ला जातात आणि आपण 500 कडे डोळे लावून बसतो. म्हणजे वाट पाहणाऱ्याच्या वाट्याला काही उत्तम सौदे येतच नाहीत आणि मंद शेअर मात्र हमखास परत येतात. त्यामुळे काही जण निम्मा माल ब्रेकआऊटला आणि निम्मा रिटेस्टला घेतात. मला ते पटत नाही, कारण फसव्या ब्रेकआऊटमध्ये महाग निम्मा आपल्याकडे असतोच.

शिवाय 492 चा स्टॉप लॉस 492 लाच लागेल याची खात्री नसते. कंपनीचे तिमाही निकाल रात्री वाईट लागले तर शेअर सकाळी 470 लाच उघडतो आणि 16 रुपयांची जोखीम 38 होते. म्हणून रिटेस्ट कितीही देखणी दिसली, तरी निकाल दोन दिवसांवर आले असतील तर आधी तारीख बघावी आणि मग भाव.