उत्तरकार्याचा खर्च : प्रथम पानें मोजावीं

कुंभिवलीसारख्या गांवीं उत्तरकार्याचा खर्च दहनापेक्षां तेराव्याच्या पंक्तींत वाढतो. म्हणून शेतकरी बंधूंनीं प्रथम पानें मोजावीं. माणशी तांदूळ १२५ ग्रॅम व डाळ ४० ग्रॅम धरल्यास १२० पानांस तांदूळ १५ किलो व डाळ सुमारें ५ किलो लागते. तांदूळ घरचा असला तरी त्याची किंमत बाजारभावानेंच मांडावी. दहाव्यास पिंडदानापुरते भाऊबंद बोलवावे; मुंबई-पुण्याच्या आप्तांस तेराव्यासच कळवावें, म्हणजे त्यांचें भाडें व आपली पंगत एकदांच पडते. भटजींची दक्षिणा व विधीचें साहित्य आरंभींच ठरवून टिपून ठेवावें. पावसाळ्यांत लांकडें ओलीं मिळतात व अधिक लागतात. त्यासाठीं रक्कम वेगळी काढावी. बेरीज रोकडीबाहेर गेल्यास पानें कमी करावीं. बियाण्याचें भात विकूं नये.