जन्मवर्ष चुकलेले गूगल खाते

गूगल खाते उघडताना १९९१ ऐवजी २०११ असे वर्ष पडले, तर पस्तिशीकडे झुकलेला माणूसही गूगलच्या लेखी अल्पवयीन ठरतो. मेल नेहमीप्रमाणे चालतो, त्यामुळे चूक लवकर कळत नाही. यूट्यूबवर प्रौढांसाठीचा व्हिडिओ अडला की शंका येते. दुरुस्तीसाठी myaccount.google.com वर Personal info मधील Birthday उघडून तारीख बदलावी. तेवढ्याने भागले नाही, तर गूगल सरकारी ओळखपत्राचा फोटो किंवा क्रेडिट कार्ड मागते. ओळखपत्रावर पूर्ण जन्मतारीख स्पष्ट दिसायला हवी.

खरी फसगत बहुधा दुरुस्तीतच होते. घाईत जन्मवर्षाच्या जागी चालू वर्ष टाकले, की वय भारतातल्या किमान १३ वर्षांच्या मर्यादेखाली जाते. मग वय सिद्ध करायला किंवा खाते पालकांच्या देखरेखीखाली आणायला १४ दिवस मिळतात. ती मुदत टळली की खाते बंद होते आणि त्यानंतर ३० दिवसांत वय सिद्ध झाले नाही, तर ते पुसले जाण्याची प्रक्रिया सुरू होते. नवे खाते उघडून जुना मेल परत येत नाही. म्हणून मुदतीतच ओळखपत्र देणे बरे.