जुन्या वहीतली नावे

गेल्या वर्षी एका जुन्या वाड्यातून मला आडतीच्या दुकानाचे रोजमेळ आणि खतावण्या पाहायला मिळाल्या. लिपी मोडी होती आणि मोडी मला वाचता येते. अडले ते निराळ्याच ठिकाणी. शेतकऱ्याच्या जवळजवळ प्रत्येक पट्टीत हमाली, तोलाई लिहून झाल्यावर नुसते 'ध' हे अक्षर आणि त्यापुढे अगदी किरकोळ रक्कम असे. मी त्याचा अर्थ 'धान्य' असा लावला आणि सहा महिने चुकीच्या वाटेने चालत राहिलो. अक्षर कळत होते, व्यवहार कळत नव्हता.

ज्यांना विचारता येईल अशी माणसे पूर्वी ओळखीची होती. पण कुणाशी आठ वर्षे बोलणे नव्हते, कुणाशी पंधरा. भांडण झालेले नव्हते. फक्त बोलणे थांबले होते. अशा थांबलेल्या ओळखींचा अभ्यास झालेला आहे, आणि त्याचा मला प्रत्यक्ष उपयोग झाला. म्हणून त्याविषयी लिहितो.

अमेरिकेतील डॅनियल लेव्हिन, हॉर्हे वॉल्टर आणि कीथ मर्निघन या तीन अभ्यासकांनी 2011 साली एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. नोकरी सांभाळून व्यवस्थापनाचे शिक्षण घेणाऱ्या दोनशेहून अधिक अधिकाऱ्यांना त्यांनी एक काम दिले होते. किमान तीन वर्षे संपर्क नसलेली दोन माणसे निवडायची, एक पूर्वी जवळची आणि एक जेमतेम ओळखीची. हातातल्या एखाद्या महत्त्वाच्या कामाबद्दल त्यांचा सल्ला घ्यायचा. आणि तो सध्या संपर्कात असलेल्यांच्या सल्ल्याशी ताडून पाहायचा. बहुतेकांनी हे काम नाखुशीनेच स्वीकारले. निष्कर्ष मात्र झोपी गेलेल्या ओळखींच्या बाजूने लागला. त्यांच्याकडून जास्त नवे कळले, आणि तेही कमी वेळात.

कारण समजायला सोपे आहे. रोजच्या माणसांवर आपला विश्वास असतो, पण त्यांना जे ठाऊक असते ते बहुधा आपल्यालाही ठाऊक असते. परक्याकडे नवे असते, पण त्याला सगळे पहिल्यापासून समजावून सांगावे लागते आणि तो मनमोकळे बोलेलच असे नाही. दुरावलेल्या ओळखीत दोन्ही गोष्टी एकत्र येतात. जुना विश्वास शिल्लक असतो, आणि मधल्या वर्षांत तो माणूस आपल्याला न दिसलेल्या वाटांनी फिरून आलेला असतो.

प्रश्न उरतो निवडीचा. याच अभ्यासकांनी पुढे काही अधिकाऱ्यांना दहा जुन्या ओळखींची पसंतीक्रमाने यादी करायला सांगितली. मग पहिल्या नावाशी आणि उरलेल्या नवांपैकी चिठ्ठी टाकावी तसे निवडलेल्या एका नावाशी बोलायला लावले. यादीत खाली गेल्याने सल्ल्याचा उपयोग फारसा घटला नाही. 2015 सालच्या त्यांच्या निबंधात याचा उलगडा होतो. माणसे संकोच टाळण्यासाठी अशांना पहिली पसंती देतात ज्यांच्याबरोबर खूप काळ घालवलेला असतो. पण जास्त उपयोग होतो तो बरेचदा ज्यांच्याशी सहवास थोडा होता अशांचा.

मीही दहा नावे लिहिली. पहिले नाव ज्या मित्राबरोबर वर्षानुवर्षे दफ्तरखान्यात बसलो त्याचे. पण प्रत्येक नावापुढे मी दोन प्रश्न लिहिले होते : या माणसाला असे काय ठाऊक असेल जे मला ठाऊक असणे शक्य नाही? आणि याने मला कधी सरळ, खरे उत्तर दिले आहे का? पहिल्या प्रश्नावर मित्र मागे पडला. आम्ही दोघे तीच पुस्तके वाचून वाढलो होतो. सातव्या क्रमांकावर एक काका होते. आडत बाजारात आयुष्यभर दिवाणजी म्हणून राबलेले. चौदा वर्षांपूर्वी मोडीच्या वर्गात माझ्या शेजारी बसत. त्यांनी एकदा माझे वाचन सगळ्यांसमोर चुकीचे ठरवले होते, आणि ते बरोबर होते.

दोन नावे मी खोडली. त्या ओळखी झोपलेल्या नव्हत्या, तुटलेल्या होत्या. जिथे कुणी दुखावलेले आहे तिथे आधी त्या दुखण्याबद्दल बोलावे लागते. 'ध'चा अर्थ विचारायला तिथे जाणे म्हणजे दुसऱ्यांदा दुखावणे.

काकांच्या बाबतीतही एक अडचण होती. त्यांची हिशेबाच्या खुणांची वही मी उतरवून घ्यायला आणली होती आणि परत केली नव्हती. फोन न करण्याचे खरे कारण 'वेळ मिळाला नाही' हे नव्हतेच.

पहिला मजकूर मी असा लिहिला : "नमस्कार काका, कसे आहात? खूप दिवसांत बोलणे नाही. आठवण आली." दोन दिवस तो तसाच ठेवला आणि खोडला. त्यात माझी गरज लपवलेली होती. असा निरोप वाचणाऱ्याला पुढे काय येणार याची शंका येते, आणि दुसऱ्या निरोपात काम निघाले की पहिल्या निरोपातली आपुलकीही खोटी ठरते. मग पोस्टकार्ड लिहिले :

"काका, सा. न. मोडीच्या वर्गात आपल्या शेजारी बसणारा मी. 'चुकतंय, परत वाच,' असे आपण म्हणाला होतात तो. आपली हिशेबाची वही चौदा वर्षे माझ्याकडे आहे. ती न देणे ही माझी चूक. या आठवड्यात पाठवतो. एक विचारायचे आहे : आडतीच्या पट्टीत तोलाईनंतर नुसता 'ध' लिहिलेला असतो, तो कशाचा? सवडीने कळवावे. न जमल्यास काही हरकत नाही. वही मात्र पोहोचेलच."

यात क्रम महत्त्वाचा आहे. आधी मी कोण ते ओळख पटेल अशा एका आठवणीसह. मग जे देणे आहे ते. मग खरे काम, एकाच प्रश्नात. आणि शेवटी नकाराला मोकळी वाट. इतक्या वर्षांच्या मौनाची लांबलचक कारणे मात्र नाहीत. ती दिली की समोरच्यावर आपली समजूत घालण्याचे ओझे पडते.

लिहिलेले कार्ड पेटीत टाकायला आणखी आठवडा गेला. यातही मी एकटा नव्हतो. लारा ॲकनिन आणि जिलियन सँडस्ट्रॉम यांच्या 2024 सालच्या अभ्यासात जुन्या मित्राचा पत्ता, वेळ आणि इच्छा हे सगळे असूनही एक तृतीयांशाहून कमी लोकांनी निरोप धाडला. पण ज्यांनी आधी तीन मिनिटे सध्याच्या मित्रांना निरोप लिहिण्याचा सराव केला, त्यांतल्या निम्म्याहून थोड्या अधिक लोकांनी जुन्या मित्रालाही लिहिले. धीर द्यायला उपदेश पुरत नाही, हात चालू असावा लागतो. मीही दोन साधी पत्रे लिहिली आणि त्यांच्याबरोबर हेही टाकले.

बारा दिवसांनी फोन आला तो काकांच्या मुलाचा. पोटात गोळा आला. पण काका होते, ऐकू कमी येते म्हणून मुलगा मध्ये. मागून त्यांचा आवाज आला : "अरे, धर्मादाय! प्रत्येक पट्टीतून कापायचे. देवळाच्या, धर्मशाळेच्या नावाने. जायचे कुठे ते विचार त्याला, खतावणीत बघ म्हणावं." खतावणीत धर्मादायाचे वेगळे खाते होते. शेतकऱ्याच्या पैशातून जमा होणारी आणि व्यापाऱ्याच्या नावाने खर्ची पडणारी रक्कम. माझ्या कामाचा विषयच त्या दिवशी बदलला.

सगळीकडे असे होत नाही. यादीतल्या आणखी तिघांना मी लिहिले. एकाचे उत्तर आले नाही, आणि एकदा पत्र पोहोचण्याआधीच माणूस गेला होता. उत्तर न आल्यास मी दुसऱ्यांदा लिहीत नाही.

वही मी स्वतः नेऊन दिली. काकांनी पाने चाळली, एका ठिकाणी थांबले आणि मी समासात पेन्सिलीने लिहिलेल्या टिपेवर बोट ठेवून म्हणाले, "हेही चुकलंय."