नफ्याच्या ओळीतलं शेवटचं उणे

एका सुताराकडे १०० फळ्या आणि कामाचे ८० तास आहेत. टेबलाला २ फळ्या आणि १ तास लागतो, नफा ५०० रुपये. खुर्चीला १ फळी आणि १ तास, नफा ३०० रुपये. दोन्ही किती करायची? जॉर्ज डँट्झिग यांनी १९४७ साली मांडलेली सिम्प्लेक्स पद्धत हे एका तक्त्यावर सोडवते.

टेबलं ट, खुर्च्या ख. ‘१०० पेक्षा जास्त फळ्या नकोत’ ही अट बरोबरीच्या समीकरणात बसवायची, तर उरलेल्या फळ्यांनाही अक्षर द्यावं लागतं: फ. उरलेल्या तासांना त. हेच स्लॅक चल.

```
         ट     ख    फ   त
फळ्या     २     १    १   ०   १००
तास      १     १    ०   १    ८०
नफा   -५००  -३००    ०   ०     ०
```

अजून काहीच केलेलं नाही: फ १००, त ८०, नफा शून्य. नफ्याच्या ओळीतलं उणे म्हणजे तिथे कमाई शिल्लक आहे. सर्वांत मोठं उणे टेबलाखाली आहे, म्हणून तो स्तंभ निवडायचा. आता टेबलं किती करता येतील? फळ्या १०० ÷ २ = ५० पर्यंत पुरतात, तास ८० ÷ १ = ८० पर्यंत. लहान भागाकाराची ओळ घ्यायची, कारण फळ्या आधी संपतात. इथेच बहुतेकांची चूक होते. ८० टेबलं धरली तर फ उणे ६० येतो, म्हणजे नसलेल्या फळ्या वापरल्या. उजव्या बाजूला उणे आकडा आला, की ओळ चुकली असं समजावं. भागाकारही फक्त धन आकड्यांनीच करायचा. स्तंभात एकही धन आकडा नसेल, तर नफ्याला मर्यादाच नाही, म्हणजे बहुधा एखादी अट लिहायची राहिली.

तर पिव्हट २. फळ्यांच्या ओळीला २ ने भागून ती तासांच्या ओळीतून वजा केली आणि तिची ५०० पट नफ्याच्या ओळीत मिळवली, की टेबलं ५०, उरलेले तास ३० आणि नफा २५,००० होतो. खुर्चीखाली मात्र अजून -५० आहे. हा आकडा मला फार बोलका वाटतो: एका खुर्चीच्या फळीसाठी अर्धं टेबल सोडावं लागतं, २५० जातात, ३०० येतात, वर ५० राहतात.

म्हणून खुर्ची आत घ्यायची. दोन्ही ओळींत तिच्याखाली आता १/२ आहे. भागाकार १०० आणि ६०. या वेळी तासांची ओळ निवडायची. नवा तक्ता:

```
         ट   ख    फ     त
टेबलं     १   ०    १    -१      २०
खुर्च्या    ०   १   -१     २      ६०
नफा      ०   ०   २००   १००   २८०००
```

नफ्याच्या ओळीत उणे उरलं नाही, इथे थांबायचं. ही ओळ सांगते: नफा = २८,००० − २०० × फ − १०० × त. उरलेल्या फळ्या किंवा तास शून्याखाली जाऊ शकत नाहीत, त्यामुळे २० टेबलं आणि ६० खुर्च्यांपेक्षा जास्त नफा कुठल्याही वाटणीतून निघणार नाही.