जर्मन वायरिंग डायग्राम मराठीत आणताना

जर्मन बनावटीच्या मोटारीच्या वायरिंग डायग्रामवर दोन प्रकारचा मजकूर असतो. एक माणसांसाठी: सुट्या भागांची नावे, सूचना, रंगांची सूची. दुसरा खुणांचा: भागांचे कोड, टर्मिनलचे आकडे, वायरच्या रंगांची संक्षिप्त अक्षरे आणि जाडी. पहिला मराठीत आणायचा, दुसरा जसाच्या तसा ठेवायचा. कारण त्या खुणा फक्त कागदावर नसतात. रिलेच्या बुडाशी 30, 85, 86, 87 हे आकडे कोरलेले असतात आणि J17 या कोडवरूनच मॅन्युअलची पुढची पाने उलगडतात.

फोक्सवॅगनच्या डायग्राममध्ये J17 म्हणजे इंधन पंपाचा रिले आणि G6 म्हणजे खुद्द इंधन पंप. डायग्रामखालच्या सूचीत या कोडसमोर जर्मन नाव छापलेले असते. भाषांतर तेवढ्या नावाचेच: ‘J17 – इंधन पंपाचा रिले’. नावांतही फसगत होतेच. ‘मास्से’ या शब्दाचा कोशात सापडणारा अर्थ वस्तुमान, पण इथे तो बॉडी अर्थ. ‘झिशेरुंग’ म्हणजे सुरक्षा हे खरे, पण डायग्राममध्ये तो साधा फ्यूज असतो.

टर्मिनलचे आकडे जर्मन मोटार उद्योगाच्या DIN 72552 या मानकातले आहेत. 30 म्हणजे बॅटरीचा थेट पॉझिटिव्ह, 15 म्हणजे चावी फिरवल्यावर मिळणारा पुरवठा, 31 म्हणजे अर्थ. हे अनुक्रमांक नाहीत आणि व्होल्टही नाहीत. त्यामुळे 15 च्या जागी देवनागरी आकडा घालण्यापेक्षा बाजूला ‘चावीनंतरचा पुरवठा’ असे लिहिणे उपयोगी.

खरी गोची रंगांची. वायरवर bl दिसले की इंग्रजी संक्षेपांना सरावलेला वायरमन ती काळी समजतो. जर्मनमध्ये bl म्हणजे ‘ब्लाउ’, निळा. काळ्यासाठी sw असते, ‘श्वार्त्स’वरून. gr हिरवा वाटतो, पण तो करडा, हिरवा gn. ge पिवळा, ro लाल, ws पांढरा, li जांभळा. br मात्र तपकिरीच, आणि या गाड्यांत अर्थची वायर सहसा त्याच रंगाची. जपानी डायग्रामची पद्धत आणखी वेगळी: तिथे B काळा आणि L निळा, म्हणून B/L म्हणजे निळी पट्टी असलेली काळी वायर. सूची कुठल्या देशाची, हे ठरल्याशिवाय एकाही अक्षराचा अर्थ लावू नये.

तिरप्या रेघेने जोडलेल्या दोन रंगांत आधीचा मूळ रंग आणि नंतरचा पट्टीचा. ro/sw म्हणजे काळी पट्टी असलेली लाल वायर. Sw/ro ही वेगळीच वायर. भाषांतरात हा क्रम उलटला तर हात दुसऱ्याच वायरवर पडतो.

कागदाचा फोटो असेल तर आणखी एक संकट येते. पिवळ्या दिव्याखाली पांढरी रेघ पिवळसर आणि तपकिरी रेघ लालसर दिसते. म्हणून छापील अक्षरांवर विसंबावे, फोटोतल्या रंगावर नाही. अक्षरेही दगा देतात: घडीवर आलेला S हा 5 वाटतो, B हा 8. जाडीतला स्वल्पविराम पुसट झाला की 1,5 चे पंधरा होतात. जर्मन छपाईत तो दशांशचिन्ह आहे, म्हणजे दीड चौरस मिलिमीटर. असा शंकास्पद कोड सूचीत शोधावा. रेघेवर J17 आहे की J11, ते सूचीतल्या नोंदीवरून आणि त्या नावाचा रिले त्या जागी असू शकतो का, यावरून ठरते. तरीही न जुळल्यास ‘अस्पष्ट’ लिहून दुसरा फोटो घ्यावा.

समजा, एका डायग्रामवर J17 च्या 87 पासून G6 कडे जाणारी वायर ge/bl अशी छापली आहे. मराठी टिपणात कोड जागच्या जागी ठेवून शेजारी ‘पिवळी, निळी पट्टी’ असे लिहायचे. ज्याने bl काळा धरला तो पिवळी-काळी शोधेल, आणि जुडग्यात तशीही एखादी वायर असेल तर चुकीचे तपासून मोकळा होईल. पडताळणी सोपी आहे. बॅटरी काढून, रिले उपसून, सॉकेटच्या 87 पासून पंपाच्या प्लगपर्यंत मल्टिमीटरने सलगता पाहावी. वाचन जवळपास शून्य ओहम आले तर वायर हीच.

पुढे बॅटरी जोडून 30 वर व्होल्ट पाहावेत. ते चावी नसतानाही मिळायला हवेत. 87 चे वेगळे. रिले परत बसवल्यावर बऱ्याच गाड्यांत चावी फिरवताच पंप क्षण-दोन क्षण चालून थांबतो, कारण इंजिन फिरत नसताना कंट्रोल युनिट रिले बंद करते. त्यामुळे 87 वर व्होल्ट येऊन गेले म्हणून रिले खराब ठरत नाही.

आणि एवढे करूनही रंग जुळत नसेल, तर गाडीचे मॉडेल-वर्ष आणि डायग्रामचे वर्ष ताडून पाहावे. जुन्या गाडीत आधीच्या कुणी मिळेल त्या रंगाची वायर जोडलेली असते. तिथे रंग सोडून टर्मिनलच्या आकड्यांवरच चालावे लागते.